कार्डाच्या स्टेटमेंटचा फोटो समोर आहे: व्याज, मिनिमम ड्यू आणि फी पैशापर्यंत कशी ताडायची

मुलुंडहून आत्याने व्हॉट्सॲपवर फोटो टाकलेला असतो. डायनिंग टेबलावर ठेवलेलं क्रेडिट कार्डाच्या स्टेटमेंटचं पान, मधोमध ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा, खालच्या कोपऱ्यात अंगठा. खाली प्रश्न: ‘चाळीसपैकी तीस हजार वेळेत भरले. उरले दहा हजार. त्यावर बावीसशे रुपये व्याज कसं?’

या प्रश्नाचं उत्तर कागदपेन्सिलीने पैशापर्यंत काढता येतं. त्यासाठी फोटो भरवशाचा हवा आणि एकाऐवजी दोन महिन्यांची पानं हवीत. ज्या महिन्यात व्याज लागलं त्या पानावर फक्त व्याजाचा आकडा असतो. ज्या खरेदीवर ते लागलं तिची तारीख मागच्या महिन्याच्या पानावर असते. बहुतेकांचा हिशोब चुकतो तो इथेच. आकडेमोड बरोबर असते, पण अर्धा मजकूर दुसऱ्या पानावर राहिलेला असतो.

खाली असंच एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवलं आहे. आकडे नमुन्याचे आहेत, पण पद्धत तुमच्या पानाला जशीच्या तशी लागू होईल. दर, लेट फीचे टप्पे आणि मिनिमम ड्यूचं सूत्र मात्र तुमच्या बँकेचं घ्या.

फोटो कोणते आणि कसे

एकूण चार फोटो मागवा: या महिन्याचं सारांशाचं पान, या महिन्याच्या व्यवहारांचं पान, मागच्या महिन्याच्या व्यवहारांचं पान आणि बारीक अक्षरांतलं अटींचं शेवटचं पान. शेवटचं पान कुणी आपणहून पाठवत नाही. व्याजाचा मासिक दर, लेट फीचे टप्पे, मिनिमम ड्यूचं सूत्र आणि व्याज कसं मोजलं जातं याचं उदाहरण बहुधा त्यावरच असतं. तिथे नसेल तर बँकेच्या संकेतस्थळावर कार्डाच्या अटींमध्ये सापडतं.

कागद सपाट ठेवा. घडी पडलेली असेल तर तो वहीखाली थोडा वेळ दाबून ठेवा, कारण घडी नेमकी आकड्यांच्या रांगेवरून जाते. फोटो खिडकीजवळ दिवसाउजेडी, ट्यूब बंद करून, बरोबर वरून काढा. तिरक्या फोटोत डावीकडचं वर्णन एका ओळीत आणि उजवीकडची रक्कम खालच्या ओळीत असल्यासारखी दिसते. मग पेट्रोलची रक्कम किराण्यापुढे वाचली जाते. पानाची उजवी कड पूर्ण आली पाहिजे, कारण जमा रकमेपुढचं Cr तिथे, अगदी कडेला छापलेलं असतं. ते कापलं गेलं की परत आलेले पैसे खर्चात मोजले जातात.

व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. साधा फोटो दाबून लहान होतो आणि मग छापील 3 आणि 8, 1 आणि 7, 5 आणि 6 यांत गल्लत होते. पैशांआधीचा टिंब तर सगळ्यात आधी गायब होतो. पाठवण्याआधी नाव, पत्ता आणि कार्ड क्रमांकाचे दिसणारे आकडे कागदाच्या पट्टीने झाका. हिशोबाला त्यांचा काहीही उपयोग नाही.

ईमेलवर आलेली पीडीएफ उघडता येत असेल तर हा सगळा खटाटोप वाचतो. पण पासवर्ड आठवत नाही, म्हणूनच फोटो आलेला असतो.

आधी फोटोची परीक्षा, मग बँकेची

व्याजाकडे वळण्याआधी फोटोतून वाचलेले आकडे खरे आहेत का ते बघा. सारांशाच्या पानावर त्याची सोय असते. मागची बाकी, वजा भरणा, अधिक नवी खरेदी, अधिक व्याज, फी आणि कर, यांची बेरीज एकूण देय रकमेशी पैशापर्यंत जुळायलाच हवी. इथे ‘जवळपास जुळलं’ चालत नाही.

आत्याच्या पानावर बिलाची तारीख १५ ऑक्टोबर आहे. फोटोत हे आकडे वाचता येतात:

मागची बाकी ४०,०००.००
भरणा ३०,०००.०० Cr
नवी खरेदी ६,०००.००
व्याज २,२०९.३२
जीएसटी ४१५.५०
एकूण देय १८,७२३.८२

वरच्या आकड्यांची बेरीज-वजाबाकी १८,६२४.८२ येते. छापील एकूण देय रकमेपेक्षा ती बरोबर ९९ रुपयांनी कमी आहे. म्हणजे एक तर कुठला आकडा चुकीचा वाचला गेला, नाही तर एखादी ओळ फोटोत आलीच नाही.

यातलं काय घडलं ते जीएसटी सांगतो. क्रेडिट कार्डाच्या व्याजावर आणि फीवर १८ टक्के जीएसटी लागतो. मुंबईच्या पत्त्यावरच्या ग्राहकाला तो कधी केंद्र ९ आणि राज्य ९ असा दोन ओळींत दिसतो, तर कार्डाचं काम दुसऱ्या राज्यातल्या नोंदणीतून चालत असेल तर आयजीएसटी म्हणून एकाच ओळीत. एकूण १८ टक्केच. म्हणून जीएसटीच्या रकमेला ०.१८ ने भागलं की तो कितीवर लावला ते कळतं.

४१५.५० ÷ ०.१८ = २,३०८.३३

यातून व्याजाचे २,२०९.३२ वजा केले की ९९.०१ उरतात. वरचा पैसा पूर्णांकनाचा. दोन वेगळ्या वाटांनी ९९ च आले, म्हणजे आकडे बरोबर वाचले गेलेत आणि ९९ रुपयांची एक फी झाकली गेली आहे. अंगठा उचलून पुन्हा फोटो काढला की अंगठ्याखाली ‘रिवॉर्ड पॉइंट वापरण्याची फी ९९.००’ ही ओळ सापडते. पॉइंट वापरून व्हाउचर घेतलं त्याची ही फी. मेसेजमध्ये कुठे तरी लिहिलेलं असतं, पण ते कुणी वाचत नाही.

समजा जीएसटीला ०.१८ ने भागून बरोबर २,२०९.३३ च्या आसपास आलं असतं आणि तरी बेरीज चुकली असती, तर फी लपलेली नाही, खरेदीचा किंवा भरण्याचा आकडा चुकीचा वाचला गेला असं समजायचं. या भागाकाराला अर्धा मिनिट लागतो आणि फोटोवरून हिशोब करताना त्याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. मात्र काही स्टेटमेंटमध्ये प्रत्येक फीपुढे तिचा जीएसटी वेगळा दाखवतात. तिथे सगळे जीएसटी आधी एकत्र करून घ्या. पेट्रोलवरच्या सरचार्जमध्ये आणखी एक पेच असतो. सरचार्ज परत मिळतो, पण त्यावरचा जीएसटी परत मिळत नाही. तेवढे चार-पाच रुपये जास्त दिसले तर घाबरू नका.

व्याज: रुपये गुणिले दिवस

आत्याला वाटतं व्याज उरलेल्या दहा हजारांवर लागावं, आणि तेही ड्यू डेटनंतर. कार्डाचा नियम तसा नाही. पूर्ण बिल ड्यू डेटपर्यंत भरलं तरच बिनव्याजी मुदत मिळते. एक रुपया जरी मागे राहिला तरी ती मुदत जाते आणि प्रत्येक खरेदीवर तिच्या तारखेपासून व्याज धरलं जातं. नव्या महिन्यातल्या खरेदीलाही मग बिनव्याजी दिवस मिळत नाहीत.

हे ताडण्यासाठी मागच्या महिन्याचं पान घ्या. १५ सप्टेंबरच्या त्या बिलात दोनच खरेद्या आहेत: २० ऑगस्टला दादरच्या दुकानातून फ्रीज, २८,०००, आणि २ सप्टेंबरला सणाच्या साड्या, १२,०००. त्याआधीची बाकी शून्य. ड्यू डेट ५ ऑक्टोबर होती आणि त्याच दिवशी ३०,००० जमा झाले. नव्या पानावर २५ सप्टेंबरचा ६,००० रुपयांचा किराणा आहे. शेवटच्या पानावर दर महिना ३.५ टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के.

आता प्रत्येक रक्कम किती दिवस बाकी राहिली ते मोजायचं. भरणा ज्या दिवशी जमा झाला त्या दिवसापासून बाकी कमी धरायची, आणि बिलाची तारीख मोजणीत घ्यायची.

२८,००० रुपये २० ऑगस्टपासून ४ ऑक्टोबरपर्यंत: ऑगस्टचे १२, सप्टेंबरचे ३०, ऑक्टोबरचे ४, एकूण ४६ दिवस. गुणाकार १२,८८,०००.

१२,००० रुपये २ सप्टेंबरपासून ४ ऑक्टोबरपर्यंत: २९ आणि ४, एकूण ३३ दिवस. गुणाकार ३,९६,०००.

भरण्यानंतर उरलेले १०,००० रुपये ५ ते १५ ऑक्टोबर: ११ दिवस. गुणाकार १,१०,०००.

किराण्याचे ६,००० रुपये २५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर: ६ आणि १५, एकूण २१ दिवस. गुणाकार १,२६,०००.

चारही गुणाकारांची बेरीज १९,२०,०००. तिला वार्षिक दराने गुणायचं आणि ३६५ ने भागायचं.

१९,२०,००० × ०.४२ ÷ ३६५ = २,२०९.३२

छापील आकड्याशी तंतोतंत जुळलं. आत्याचा राग रास्त असला तरी बँकेचा हिशोब बरोबर आहे. पहिले दोन गुणाकार मिळून १६,८४,००० होतात. म्हणजे बावीसशेपैकी जवळजवळ साडेएकोणीसशे रुपये फ्रीज आणि साड्यांवरचे, ५ ऑक्टोबरच्या आधीच्या दिवसांचे आहेत. ते दहा हजारही त्याच दिवशी भरले असते तर यातला एक पैसाही लागला नसता.

शेवटच्या पानावरचं उदाहरण एकदा नीट वाचून घ्या. वरची पद्धत पूर्ण रकमेवर भरण्याच्या दिवसापर्यंत आणि नंतर उरलेल्या रकमेवर व्याज धरते. तुमच्या बँकेचं उदाहरण फक्त न भरलेल्याच रकमेवर मोजत असेल तर गुणाकारांत तेच धरा. बँकेने स्वतः छापलेल्या पद्धतीनेच तिचा हिशोब तपासायचा असतो. आपल्याला न्याय्य वाटणाऱ्या पद्धतीने तपासून वाद जिंकता येत नाही.

गुणाकार चारऐवजी चाळीस असतील तर मोबाइलमधली स्प्रेडशीट वापरा. B रकान्यात रकमा आणि C रकान्यात दिवस लिहा, मग एकच सूत्र पुरतं:

```
=ROUND(SUMPRODUCT(B2:B41,C2:C41)*3.5%*12/365,2)
```

एटीएममधून कार्डावर काढलेली रोकड असेल तर ती या तक्त्यात मिसळू नका. रोकडीला बहुतेक कार्डांवर बिनव्याजी मुदत नसते. पूर्ण बिल भरलं तरी काढल्या दिवसापासून व्याज लागतं आणि वर रोकड काढण्याची फी वेगळी. तिचा गुणाकार स्वतंत्र मांडा.

फरक आला तर तो कशाचा

जुळलं नाही की लगेच बँकेला फोन लावू नका. आलेल्या फरकाची रक्कमच बहुतेक वेळा कारण सांगते. ४२ टक्के दराने हजार रुपयांवर एका दिवसाचं व्याज १ रुपया १५ पैसे होतं. त्यावरून प्रत्येक रकमेची एका दिवसाची किंमत काढून ठेवा. आपल्या उदाहरणात २८,००० ची ३२.२२, १२,००० ची १३.८१, ६,००० ची ६.९०, आणि भरलेल्या ३०,००० ची ३४.५२.

फरक ३२.२२ आला तर फ्रीजची तारीख एका दिवसाने सरकली आहे. दुकानदाराने कार्ड घासलं त्या दिवसाऐवजी व्यवहार खात्यात नोंदला गेला तो दिवस बँकेने धरला, किंवा फोटोत 20 चं 21 वाचलं गेलं. फरक ३४.५२ आला तर भरणा एक दिवस उशिरा जमा धरला गेला. रात्री उशिरा, दुसऱ्या ॲपमधून केलेल्या भरण्यात हे घडतं. अशा वेळी बँक खात्यातून पैसे कधी गेले याच्याबरोबर कार्डाच्या पानावर ते कोणत्या तारखेला जमा दिसतात तेही बघा. फरक १८.४१ आला तर तो बिलाच्या शेवटच्या दिवशीच्या १६,००० बाकीचा एक दिवस: बँक बिलाची तारीख मोजत नाही किंवा तुम्ही ती विसरलात. यांतल्या कुठल्याही फरकावर भांडण उभं राहत नाही, फक्त दिवस मोजण्याची रीत समजते.

फरक मोठा आणि कुठल्याच दिवसाच्या पटीत बसत नसेल तर दराकडे बघा. छापील व्याजाला ३६५ ने गुणा, मग १२ ने आणि गुणाकारांच्या बेरजेने भागा. समजा पानावर व्याज २,३६७.१२ असतं:

२,३६७.१२ × ३६५ ÷ १२ ÷ १९,२०,००० = ०.०३७५

म्हणजे ३.५ ऐवजी ३.७५ टक्के दर लागला. फोटोत 3.75 चं शेपूट कापलं गेलं असेल, किंवा दर खरोखर बदलला असेल. आता प्रश्न दिवसांचा राहिला नाही. दर कधी बदलला आणि त्याची सूचना कधी दिली, हे बँकेला विचारा.

मिनिमम ड्यू

बाजारात सगळ्यांना ‘पाच टक्के’ पाठ असतं. आत्याच्या पानावर मिनिमम ड्यू ३,५२३.८२ छापला आहे, आणि १८,७२३.८२ चे पाच टक्के होतात ९३६.१९. मग घोळ झाला असं वाटतं. घोळ नाही. पाच टक्के फक्त खरेदीच्या बाकीवर आहेत. व्याज, फी, जीएसटी, महिन्याचा ईएमआय, मर्यादेपेक्षा जास्त झालेली रक्कम आणि मागच्या महिन्याचा न भरलेला मिनिमम ड्यू हे पूर्णच्या पूर्ण त्यात मिळवले जातात. नेमकं काय धरायचं हे शेवटच्या पानावरच्या सूत्रात असतं. काही बँका पाचऐवजी दोन टक्के धरतात.

या पानावर खरेदीची बाकी १६,०००, तिचे पाच टक्के ८००. त्यात व्याज २,२०९.३२, फी ९९ आणि जीएसटी ४१५.५० मिळवले की ३,५२३.८२. जुळलं. काही बँका हा आकडा पुढच्या पूर्ण रुपयावर किंवा दहावर नेतात. तेवढा फरक सोडून द्या.

रिझर्व्ह बँकेच्या क्रेडिट कार्ड निर्देशांत एक अट आहे: मिनिमम ड्यू इतका हवा की तो भरत राहिल्यास बाकी वाढत जाऊ नये. म्हणजे त्यात निदान त्या महिन्याचं व्याज, फी आणि कर भागले पाहिजेत. तुमच्या पानावर मिनिमम ड्यू या तिघांच्या बेरजेपेक्षाही कमी दिसत असेल तर आधी फोटोतला आकडा तपासा. तो बरोबर असेल तर बँकेकडे सूत्र लेखी मागा.

नवं कार्ड घेतलेल्या मुलांना मिनिमम ड्यूबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगावी लागते. तो भरल्याने फक्त लेट फी टळते, व्याज टळत नाही. आत्याने मिनिमम ड्यूच्या पंधरा पट रक्कम भरली होती, आणि तरी वरचं सगळं व्याज लागलं.

लेट फी

आत्याच्या पानावर ती नाही. मागच्या बिलात आधीची बाकी, व्याज किंवा फी काहीच नव्हती, म्हणून त्याचा मिनिमम ड्यू ४०,००० चे पाच टक्के, म्हणजे २,००० होता आणि ३०,००० वेळेत भरले. तुमच्या पानावर असेल तर दोन गोष्टी बघा.

पहिली, दिवस. खातं तीन दिवसांपेक्षा जास्त थकलं तरच लेट फी लावता येते, आणि हे दिवस स्टेटमेंटवर छापलेल्या ड्यू डेटपासून मोजायचे. ड्यू डेट ५ ऑक्टोबर असेल आणि पैसे ८ ला जमा झाले असतील तर लेट फी नको. ९ ला झाले असतील तर लागू शकते. या तीन दिवसांत व्याज मात्र थांबत नाही आणि पूर्ण बिल ड्यू डेटला न भरल्याने बिनव्याजी मुदतही जाते. लोक ही सवलत वाढीव ड्यू डेट समजतात आणि पुढच्या महिन्यात व्याज पाहून चक्रावतात.

दुसरी, रक्कम. फी ड्यू डेटनंतर थकलेल्या रकमेवर ठरली पाहिजे, मूळ एकूण देय रकमेवर नाही. समजा शेवटच्या पानावर २५,००० पर्यंत एक टप्पा आणि त्यापुढे वरचा टप्पा आहे. बिल २६,००० होतं, त्याचा मिनिमम ड्यू १,३०० होता आणि तुम्ही १,२०० भरले. मिनिमम ड्यूला शंभर कमी पडले म्हणून लेट फी लागेल. पण थकले २४,८००, म्हणून टप्पा खालचा हवा. पानावर वरच्या टप्प्याची फी असेल तर ती आक्षेपाला पात्र आहे. फीला १.१८ ने गुणून जीएसटीसकट किती ते लिहून ठेवा. फी परत मिळाली तर तिचा जीएसटीही परत यायला हवा, आणि तो वेगळा मागावा लागतो.

पुढच्या महिन्याचं शेपूट

आत्या आता १८,७२३.८२ पूर्ण भरते, ४ नोव्हेंबरला, वेळेआधी. तरीही १५ नोव्हेंबरच्या बिलात व्याज येणार. व्याज फक्त १५ ऑक्टोबरपर्यंत धरलं होतं. १६ ऑक्टोबर ते ३ नोव्हेंबर या १९ दिवसांचं अजून बाकी आहे.

१६,००० × १९ × ०.४२ ÷ ३६५ = ३४९.८१, आणि त्यावर जीएसटी ६२.९७.

‘सगळं फेडलं तरी चारशे रुपये कसले’ म्हणून हे पान हमखास पुन्हा फोटो होऊन येतं. रक्कम ४१२.७८ च्या आसपास असेल तर हिशोब सरळ आहे. ती भरून टाका. मधल्या काळात नवी खरेदी केली असेल तर तिच्यावरचं व्याजही यात दिसेल, ते वेगळं मोजा.

पण व्याज ४०९.३६ असेल तर थांबा. हा आकडा १८,७२३.८२ वर १९ दिवसांचं व्याज आहे. म्हणजे बँकेने मागच्या बिलातलं व्याज, ९९ रुपयांची फी आणि जीएसटी यांवरही व्याज धरलं. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे न भरलेली फी, आकार आणि कर मुद्दलात मिळवून त्यांवर व्याज लावता येत नाही. रक्कम किरकोळ असली तरी हा मुद्दा दिवसांच्या फरकासारखा सोडून देऊ नका.

बँकेला लिहिताना

फोन करू नका, लिहा. ॲपमधून किंवा ईमेलने, आणि तक्रार क्रमांक घ्या. ‘व्याज जास्त लावलंय’ एवढं लिहिलं तर अटींचा तयार उतारा उत्तर म्हणून येतो. रकमा, तारखा आणि दिवस मांडले तर हिशोब बघणाऱ्या माणसापर्यंत प्रकरण जातं. मजकूर असा चालेल:

‘१५ नोव्हेंबरच्या स्टेटमेंटमध्ये व्याज ४०९.३६ आहे. १६ ऑक्टोबर ते ३ नोव्हेंबर, १९ दिवस, खरेदीची बाकी १६,०००, दर वार्षिक ४२ टक्के, यानुसार व्याज ३४९.८१ होतं. तुमची रक्कम १८,७२३.८२ वर काढलेली दिसते, ज्यात फी व जीएसटी समाविष्ट आहेत. कोणत्या रकमेवर किती दिवसांचं व्याज लावलं याचा तक्ता द्यावा आणि जादा व्याज त्यावरील जीएसटीसह परत करावं.’

सोबत फोटो जोडताना झाकलेले भाग तसेच ठेवा, बँकेकडे मूळ स्टेटमेंट असतंच. वादातली रक्कम वगळून बाकी बिल वेळेत भरा. नाही तर वाद चालू असताना व्याज चढतच राहतं आणि पुढच्या पानाचा गुणाकार आणखी लांबतो. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. ती कशी करायची ते १४४४८ या क्रमांकावर विचारता येतं. तिथे बँकेकडच्या तक्रारीचा क्रमांक, तारीख आणि हाच तक्ता लागतो. म्हणून वरचे चार गुणाकार लिहिलेला कागद बिल फिटल्यावरही टाकू नका.